मदत हवी आहे: पास्ता सॉसच्या बाटलीवरील लेबल नेमके कसे वाचावे?

चीज आणि ऑलिव्ह ऑइल यांची चित्रे ठळकपणे छापलेल्या एका पास्ता सॉसचे लेबल मी वाचत आहे आणि माझा हिशेब जाणकारांनी तपासावा, अशी विनंती आहे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. या यादीत टोमॅटो, पाणी, सोयाबीन तेल, साखर, मीठ, चीज आणि शेवटी ऑलिव्ह ऑइल असा क्रम आहे. १२५ ग्रॅमच्या एका सर्व्हिंगमध्ये सोडियम ४८० मिलिग्रॅम दिले आहे. सोडियमला अडीचने गुणल्यास मीठ मिळते, म्हणजे येथे ते जास्तीत जास्त १.२ ग्रॅम होते. आणि चीज यादीत मिठानंतर येत असल्यामुळे तेही एका सर्व्हिंगमध्ये १.२ ग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही. ऑलिव्ह ऑइल तर त्याहूनही कमी (चित्रात मात्र ते धारेने ओतलेले दिसते). हा तर्क बरोबर आहे का?

बाटली ५०० ग्रॅमची आहे. ती दोघांनी संपवली, तर प्रत्येकाच्या पोटात ९६० मिलिग्रॅम सोडियम जाते, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेल्या २००० मिलिग्रॅमच्या दैनंदिन मर्यादेच्या जवळजवळ निम्मे.

खरी अडचण साखरेची आहे. लेबलवर एकूण साखर ९ ग्रॅम आहे, परंतु वरून घातलेल्या साखरेचा वेगळा आकडा नाही. टोमॅटोतही नैसर्गिक साखर असते. साखर न घातलेल्या सॉसच्या तितक्याच वजनातील आकडा यातून वजा करणे योग्य ठरेल, की टोमॅटो किती आटवला आहे यावर तो फार बदलतो?