ॲप म्हणतं प्लग ऑफलाइन, बाबा म्हणतात दिवा लुकलुकून राहिला: खरं कोणाचं?

मधुरा_मानेवाडा
नमस्कार. आई-बाबा नागपुरात मानेवाड्याला राहतात, मी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी हॉलमधल्या कूलरला १६ अँपिअरचा वाय-फाय प्लग लावून दिला. रात्री तीनला कूलर बंद, दुपारी बाराला चालू, असं वेळापत्रक आहे. बाबांना उठावं लागत नाही आणि पंप रात्रभर चालत नाही.

शनिवारी संध्याकाळी अवकाळी वादळ आलं, दीडेक तास लाईन नव्हती. तेव्हापासून ॲपमध्ये प्लग राखाडी दिसतो आणि खाली `Offline`. बाबांना विचारलं तर म्हणतात, "अगं, निळा दिवा लुकलुकून राहिला ना, म्हणजे चालूच आहे तो." आज सोमवार, तरी तसंच. प्लग गेला का? नवा घ्यायचा तर कोणता घेऊ? मे महिन्यात कूलरविना ठेवता येत नाही त्यांना.

रूटरराव
सरळ आहे. हे प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. रूटर वादळानंतर पुन्हा सुरू झाला तेव्हा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड एका नावाखाली आले असणार आणि प्लग ५ वर जायला बघतोय. दोन्हीला वेगळी नावं द्या, प्रश्न संपला.

नंदनवनचा_निशांत
माझ्याकडेही हेच! बेडरूमचा एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर मंद लुकलुकतो. ॲप वगैरे काही नाही, साधाच बल्ब आहे. कोणता स्मार्ट बल्ब घेऊ म्हणजे हे थांबेल?

तारांकित
निशांतभाऊ, तुमचा मामला वेगळा. तुमच्या भिंतीवरच्या बटणात लाल इंडिकेटर असेल. बटण बंद असतानाही त्यातून किंचित करंट बल्बपर्यंत जातो, बल्बाच्या आतला कपॅसिटर हळूहळू भरतो आणि मग तो एकदा चमकतो. स्मार्ट बल्ब आणून हे जाईलच असं नाही. वायरमनकडून इंडिकेटर काढून पाहा.

मधुराताई, प्लग विकत घ्यायची घाई नको. बाबांना घड्याळ धरून दहा सेकंदांत दिवा किती वेळा लागतो ते मोजायला सांगा. अंदाजे नको, मोजून. आणि तोवर प्लगच्या बटणाला कोणी हात लावू नका.

मधुरा_मानेवाडा
मोजलं. बाबा म्हणतात वीस, आई म्हणते एकवीस. एकसारखा, भराभर.

तारांकित
मग तो प्लग मेलेला नाही, आणि रूटरला शोधतही नाही. तो नव्याने जोडून घ्यायची वाट पाहतोय. जोडणीची माहिती कोणीतरी पुसली आहे.

जरा सविस्तर सांगतो, कारण गोंधळ इथेच होतो. दिवा आणि ॲप दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. दिवा सांगतो तो प्लगचा स्वतःचा अनुभव. ॲप सांगतं ते कंपनीच्या सर्व्हरला काय वाटतं ते. प्लगने सर्व्हरशी एक जोडणी उघडी ठेवलेली असते आणि ठरावीक अंतराने तो 'मी आहे' म्हणून कळवतो. ते कळवणं थांबलं की थोड्या वेळाने सर्व्हर त्याच्या नावापुढे ऑफलाइन लिहितो. प्लग का गप्प आहे हे सर्व्हरला कळत नाही. लाईन नाही, रूटर बंद आहे, फायबर तुटलं आहे की प्लग जळला आहे, ॲपमध्ये सगळ्यांचं चित्र एकच.

तुमच्यासारख्या बऱ्याच स्वस्त प्लगांमध्ये टुया या कंपनीच्या पद्धतीचं वाय-फाय मॉड्यूल असतं. त्यात प्लगच्या पाच अवस्था धरलेल्या आहेत, पण दिव्याला दाखवायला चारच रूपं. सेकंदाला दोनदा, म्हणजे दहा सेकंदांत वीसेक वेळा, लुकलुकला तर तो जोडणीसाठी मोकळा आहे. तीनेक सेकंदांनी एकदा, म्हणजे दहात तीन-चार वेळा, असेल तर तोही जोडणीसाठीच मोकळा, पण दुसऱ्या रीतीने: स्वतःचा छोटा हॉटस्पॉट उघडून. वाय-फायचं नाव-पासवर्ड लक्षात आहे पण रूटर सापडत नाही, तेव्हा दिवा विझलेला. आणि रूटरला जोडला की स्थिर.

खरी मेख त्या स्थिर दिव्यात आहे. रूटरपर्यंत पोचला तरी स्थिर आणि थेट सर्व्हरपर्यंत पोचला तरी स्थिर. म्हणजे घरात इंटरनेट नसलं तरी दिवा छान तेवत राहतो आणि ॲप ऑफलाइन म्हणतं. दोघंही खरंच बोलत असतात. अर्थात प्लग बनवणारा दिवा आपल्या मर्जीने लावू शकतो, काहींमध्ये तर तो फक्त कूलर चालू की बंद एवढंच दाखवतो. तुमच्या डब्यातला कागद सापडला तर त्यावर विश्वास ठेवा, माझ्यावर नको.

विजू_वायरमन
राजेहो, एवढं कायले? कूलर तं चालू करा आधी. प्लगवरचं बटण एकदा टिचकन दाबलं का कूलर चालू, पुन्हा दाबलं का बंद. त्याले ना नेट लागते ना ॲप. फक्त दाबून धरू नका, पाच सेकंद धरलं का मेमरी पुसते. म्हातारे माणसं नेहमी दाबून धरतात, मी हजारदा पाह्यलं.

रूटरराव
मी म्हटलं ते चुकीचं का? दोन बँडचा घोळ मी स्वतः तीन घरी सोडवलाय.

तारांकित
चुकीचं नाही, जागा चुकली. नवीन जोडताना तुमचा मुद्दा लागू होतो. पण दोन वर्षं त्याच रूटरवर चाललेला प्लग ५ वर जायला पाहत नाही, त्याच्या रेडिओला ५ दिसतच नाही. आणि रूटर न सापडल्याने कोणी भराभर लुकलुकत नाही. विजूभाऊंचं मात्र मला पटतंय. मधुराताई, शनिवारी लाईन आल्यावर कोणी बटण दाबून धरलं होतं का?

मधुरा_मानेवाडा
अरे देवा. मीच सांगितलं होतं.

आठला लाईन आली. सव्वाआठला बाबांचा फोन, कूलर सुरू होत नाहीये. मी ॲपमध्ये पाहिलं तर ऑफलाइन. मी म्हटलं, बाबा, बटण दाबून धरा, रीस्टार्ट होईल. आत्ता विचारलं की त्याआधी दिवा कसा होता. म्हणतात, "सरळ लागलेला होता, लुकलुक नंतर सुरू झाली." आणि शेजारच्या काकांकडेही त्या रात्री अकरापर्यंत टीव्हीला नेट नव्हतं.

तारांकित
मग गोष्ट जुळते. वीज आली, प्लग काही सेकंदांत उठला, रूटर उठल्यावर त्याला जोडला, दिवा स्थिर. पण बाहेरचं फायबर बंद, म्हणून ॲपमध्ये ऑफलाइन. अकराला नेट आलं तेव्हा तो आपोआप परतला असता. बाबांच्या आठवणीवर हे सगळं उभं आहे, म्हणून पैज लावत नाही.

आणि कूलर का सुरू झाला नाही? ॲपमध्ये प्रत्येक प्लगसाठी, वीज परत आल्यावर काय करायचं याची निवड असते: बंद राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. तुमचं 'बंद' वर असेल. टिचकन दाबलं असतं तर त्या रात्रीच चाललं असतं.

आता जोडायचं. पहिली गोष्ट, ॲपमधून प्लग काढून टाकू नका. काढताना `Disconnect and wipe data` असा पर्याय येतो, तो चुकून दाबला की वेळापत्रक गेलं. तो राखाडी चौकोन तसाच राहू द्या. दुसरी, जोडणारा फोन प्लगजवळ हवा, म्हणजे बाबांचा. त्यांच्या फोनवर ॲप टाकून तुमच्याच खात्याने लॉगिन करा, कोड तुमच्या मेलवर येईल तो फोनवर सांगा. वेगळ्या खात्यातून जोडला तर तुमच्याकडून तो निघून जाईल, किंवा काही प्लग दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणून नकारच देतात.

मधुरा_मानेवाडा
काल रात्री पाऊण तास लागला. भराभर लुकलुकत असताना दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा वेळ संपल्याचा संदेश. आमच्या रूटरवर खरंच दोन्ही बँडचं नाव एकच आहे, त्यामुळे रूटररावांची आठवण झाली.

रूटरराव
बघा :)

तारांकित
इथे तुमचा मुद्दा बरोबर बसतो. या रीतीत फोन वाय-फायचं नाव-पासवर्ड हवेत सांकेतिक रूपात पाठवतो आणि प्लग ते ऐकून उचलतो. फोन ५ वर असेल तर प्लगला काही ऐकूच येत नाही. आता संथ लुकलुकीची रीत करा. बटण पुन्हा पाच सेकंद धरा, लय संथ होईल. मग ॲपमध्ये जोडणीची रीत बदलून `AP` निवडा. फोनच्या वाय-फाय यादीत `SmartLife-` ने सुरू होणारं नाव दिसेल, त्याला जोडायचं आणि ॲपमध्ये परत यायचं. त्याआधी फोनचा मोबाइल डेटा बंद. नाहीतर 'या वाय-फायला इंटरनेट नाही' म्हणून फोन गुपचूप डेटावर जातो आणि सगळं मधेच लटकतं.

मधुरा_मानेवाडा
झालं! डेटा बंद केल्यावर दुसऱ्या फटक्यात. प्लग जुन्याच नावाने, 'हॉल कूलर', वेळापत्रकासकट परत आला. वीज आल्यावर 'आधी होतास तसा हो' हेही लावून ठेवलं.

एकच शंका राहिली. शनिवारी रात्री नेट नसताना तीनची वेळ आली असती तर कूलर बंद झाला असता का? बाबा म्हणतात वेळापत्रक प्लगमध्येच असतं.

अजनीकर
असतं. माझ्याकडे रूटर बंद करून पाहिलं, दिवा बरोबर वेळेवर गेला.

तारांकित
तुम्ही रूटर बंद केलात, प्लगची वीज नाही. त्याचं घड्याळ चालूच होतं. बहुतेक प्लगांमध्ये घड्याळाला वेगळा सेल नसतो. वीज गेली की वेळ विसरतो आणि नेट आल्यावरच सर्व्हरकडून विचारून घेतो. वेळापत्रक आत असेल, पण तीन वाजले हेच त्याला ठाऊक नसेल. 'दोन तासांनी बंद' असा उलटा टाइमर मात्र चालायला हवा, त्याला फक्त मोजायचं असतं.

अजनीकर
मग आज रात्री दोन्ही बंद करून, आधी प्लगची वीज देऊन पाहतो. सकाळी लिहितो.

नंदनवनचा_निशांत
वायरमन येऊन इंडिकेटर काढून गेला. बल्ब अजून लुकलुकतोय, पण आधीपेक्षा कमी.

विजू_वायरमन
न्यूट्रलवर तं बटण नाही ना लावलं भाऊ? फेज कुठं कटते ते टेस्टरनं पाहाले सांगा त्याले.