मदत हवी आहे: 3 किलोलाही 40 रुपये आणि 5 किलोलाही 40 रुपये डिलिव्हरी भाडे येतंय, सूत्रात काय चुकलंय?

डाळवाला_लातूर

नमस्कार मंडळी. लातूरला तूरडाळीचं छोटं दुकान आहे, घरपोच डाळ पाठवतो. टेम्पोवाल्याने दरतक्ता छापील दिलाय. त्यात वजनाचे तीन टप्पे (5 किलोपर्यंत, 20 पर्यंत, 50 पर्यंत) आणि अंतराचे तीन (20 किमीपर्यंत, 50 पर्यंत, 100 पर्यंत). आकडे किलोमागे रुपये आहेत. कमीत कमी भाडे 40. मी ते शीटमध्ये असं भरलं:

```
     A    B    C    D
1         0    20   50
2    0    12   16   22
3    5    7    10   14
4    20   5    7    10
```

वजन G2 मध्ये, अंतर H2 मध्ये. सूत्र:

```
=MAX(40, INDEX($B$2:$D$4, MATCH(G2,$A$2:$A$4,1), MATCH(H2,$B$1:$D$1,1))*G2)
```

3 किलो, 8 किमी टाकलं की 40 येतं, ते बरोबर, कारण 36 होतात आणि किमान 40 आहे. पण 5 किलो, 8 किमीलाही 40च येतं. टेम्पोवाला म्हणतो 60 द्या. दोन महिने मी त्याच्याशी वाद घालतोय की शीट बघ म्हणून. आता शंका येतेय की शीटच खोटं बोलतंय. एरवी 12 किलो, 33 किलो अशी वजनं टाकली तर उत्तर बरोबर येतं.

नांदेडचा_गादीवाला

सेम प्रॉब्लेम आमचा पण! कापसाच्या गाद्या-उशा पाठवतो. वजन 4 किलो, पण निम्मा टेम्पो भरतो. कुरियरवाला सेंटीमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले 5000 करून वजन काढतो आणि त्यावर पैसे लावतो. तुम्ही पण तसं धरताय का?

डाळवाला_लातूर

नाही दादा, डाळ ती डाळ, खरं वजनच धरतो. माझा प्रश्न वेगळा आहे.

परभणी_एक्सेल

सोपं आहे भाऊ. A मध्ये 5 च्या जागी 5.01 आणि 20 च्या जागी 20.01 कर. वर B1:D1 मध्ये पण तेच. काम खल्लास. मी गेल्या वर्षीपासून असंच चालवतोय.

शीटवाली_संभाजीनगर

परभणीकर, निदान बरोबर आहे, औषध अर्धवट.

डाळवाले, आधी नेमकं काय होतंय ते बघा. `MATCH` च्या शेवटी 1 दिला की ते यादीत खाली खाली जातं आणि तुमच्या आकड्याइतका किंवा त्याहून लहान असा सगळ्यात मोठा आकडा धरतं. 5 टाकलं की त्याला 5 सापडतो, म्हणजे दुसरी ओळ, दर 7. 5 × 7 = 35, आणि `MAX` ने ते उचलून 40 केलं. तुमच्या डोळ्यात धूळ टाकली ती या 40 ने. 35 दिसले असते तर पहिल्याच दिवशी तुम्ही थबकला असता.

छापील तक्ता म्हणतो "5 किलोपर्यंत", म्हणजे 5 आत. तुम्ही भरलं "5 पासून", म्हणजे 5 पुढच्या टप्प्यात. 12 आणि 33 किलोला फरक पडत नाही, पण डाळीचं पोतं किंवा पाकीट नेहमी 5, 10, 20, 50 असंच असतं. तुमची अर्धी विक्री बरोब्बर काठावर बसते! आता औसा घ्या, तुमच्या गोदामापासून 20 किमी धरताय ना? 5 किलो औशाला टाकून बघा. वजनाच्या चुकीने दर उतरतो, अंतराच्या चुकीने चढतो, आणि उत्तर येतं 50. खरं 60. दोन चुका एकमेकींना झाकतायत.

5.01 ची गोम अशी की इलेक्ट्रॉनिक काटा ग्रॅम दाखवतो. 5.008 आलं की ते परत पहिल्या टप्प्यात. त्यापेक्षा तक्त्यात छापलंय तसंच भरा, A मध्ये 5, 20, 50 आणि वर 20, 50, 100. मग ओळ आणि रकाना असे काढा:

```
I2:  =COUNTIF($A$2:$A$4,"<"&G2)+1
J2:  =COUNTIF($B$1:$D$1,"<"&H2)+1
```

5 पेक्षा लहान मर्यादा किती? शून्य. म्हणून पहिली ओळ. 5.008 ला एक, म्हणून दुसरी. 51 किलो टाकलं तर चौथी ओळ मागेल, ती नाहीच, मग `#REF!` येईल. ते येऊ द्या. जुन्या सूत्रात 80 किलोलाही निमूट 5 चा दर लागत होता, ते जास्त वाईट. नवीन एक्सेल किंवा गूगल शीट असेल तर `XMATCH(G2,$A$2:$A$4,1)` नेही हेच होतं, फक्त 51 ला `#REF!` ऐवजी `#N/A` येईल.

डाळवाला_लातूर

ताई, लई भारी! औशाचं खरंच 50 येत होतं. बदल केला, आता 60 येतंय. पण आता नवीनच गंमत. 5 किलोला 60 आणि 6 किलोला 42!

जुना_मुनीम

मालक, ही शीटची चूक नव्हे, दरतक्त्याचीच आहे. मोंढ्यात भाड्याच्या पावत्या लिहिताना आम्ही हे रोज बघायचो. किलोमागे दर उतरला की काठाच्या पलीकडचा माल स्वस्त पडतो. 6, 7, 8 किलोला तुमचं 5 किलोपेक्षा कमी भाडं लागतं, 9 ला जाऊन 63 होतात. हुशार गिऱ्हाईक 5 ऐवजी 6 किलो मागवणार. तसंच 20 ला 140 आणि 21 ला 105.

उपाय जुना आहे. किमान भाडं एकच 40 ठेवायचं नाही. प्रत्येक टप्प्याला आपलं किमान, आणि ते म्हणजे मागच्या टप्प्याच्या काठावरचं भाडं. 20 किमीच्या रकान्यात 40, मग 60, मग 140.

शीटवाली_संभाजीनगर

काकांनी नस पकडली. हे किमान B7:D9 मध्ये भरा:

```
7    40   60   90
8    60   80   110
9    140  200  280
```

पहिल्या ओळीतले 60 आणि 90 मी अंदाजे टाकलेत, टेम्पोवाल्याला विचारून घाला. खालच्या दोन ओळी तुमच्याच दरांतून निघाल्यात. मग भाडं:

```
K2:  =MAX(INDEX($B$7:$D$9,I2,J2), INDEX($B$2:$D$4,I2,J2)*G2)
```

6 किलोला 60, 12 ला 84, 21 ला 140, आणि 28 किलोपर्यंत 140च राहतं.

परभणी_एक्सेल

लाइटबिलासारखं का नाही करत? पहिले 5 किलो 12 ने, पुढचे 7 ने. 6 किलोला 67 होतात. 5 ते 8 सगळ्यांना 60, हे गिऱ्हाइकाला कसं पटायचं?

जुना_मुनीम

पटतं बाबा, कारण टेम्पोवाल्याच्या फलकावर तसं लिहिता येतं. तुझ्या हिशोबाने 20 किलोला 165 होतात. तो 140 म्हणतोय. त्याला 25 रुपये कोण देणार?

परभणी_एक्सेल

मग दर खाली आणा ना. असो, ज्याचा त्याचा धंदा.

डाळवाला_लातूर

मुनीमकाकांचं पटलं, लाइटबिलवालं टेम्पोवाला ऐकणारच नाही. जुन्या पावत्या काढल्या. 20 किमीच्या आतल्या 5 किलोच्या 31 निघाल्या, प्रत्येकीत 20 रुपये कमी. म्हणजे 620 रुपये मी त्याचे देणं लागतो, आणि वाद घातला तो वेगळाच.

अजून एक अडकलंय. पाकिटावर 5 किलो छापलंय, पण पिशवी आणि खोक्यासकट काट्यावर 5.080 येतं. G2 मध्ये कोणतं टाकू? आणि एकाच घरी 5 किलोची तीन पाकिटं गेली तर 15 किलो धरून 105, की तीन वेळा 60?

शीटवाली_संभाजीनगर

पहिल्याचं, मी तरी छापील निव्वळ वजन धरेन, पण ते आधी टेम्पोवाल्याकडून लिहून घ्या. किमान बांधल्यामुळे 5.080 धरलं तरी 60च येतं, त्यामुळे 20 किमीत तरी भांडण होणार नाही. दुसरं शीटचं काम नाही.

जुना_मुनीम

एक खेप, एक पावती, एक वजन. 105.

नांदेडचा_गादीवाला

आमचा टेम्पोवाला तर नगाप्रमाणे घेतो ओ.