शब्दचर्चा: 'जोडाक्षरं सोडवा' ऐवजी काय म्हणावं?

मीनल, वडोदरा
दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका स्कॅन करून त्यांचा साधा मजकूर तयार करतोय. छपाईत वळणदार अवतरणचिन्हं आहेत, लांब रेघा आहेत, आणि इंग्रजी शब्दांत एकमेकांना चिकटलेली अक्षरं आहेत. ओसीआर ती एका पानावर एक तऱ्हेनं उचलतं, पुढच्या पानावर दुसऱ्या. म्हणून मदतनिसांसाठी मी तीन सूचना लिहिल्या: अवतरणचिन्हं सरळ करा, रेघा साध्या करा, जोडाक्षरं सोडवा.

तिसऱ्या सूचनेनं घात केला. माझ्या मनात होतं `oﬃce`. त्यात मधलं `ﬃ` हे एकच चिन्ह आहे, त्यामुळे `grep office` केलं की ते पान सापडतच नाही. पण एका मुलानं मराठीतली जोडाक्षरं सोडवली. 'विद्यार्थी'चं 'विद्‌यार्थी', 'पद्धत'चं 'पद्‌धत', अशी बारा पानं. त्यानं माझं वाक्य बरोबरच वाचलं होतं, शब्द माझा चुकला. तर लिगेचरला मराठीत काय म्हणावं? आणि या एकूण कामाला 'सामान्यीकरण' म्हणतात का?

वसंत (निवृत्त जुळारी)
मीनलताई, जोडाक्षर ही भाषेची गोष्ट आहे आणि लिगेचर ही खिळ्याची. इंग्रजी `f` ची मान पुढे झुकते आणि शेजारच्या `i` च्या टिंबावर आदळते. शिशाच्या खिळ्यात ती मान मोडायची, म्हणून फाउंड्रीवाले दोन्ही अक्षरं एकाच खिळ्यावर ओतून द्यायचे. वाचणाऱ्याला ती दोनच अक्षरं होती. ती वेगळी केलीत तर शब्दाचं काही बिघडत नाही. 'द्य' मात्र लिहिणाऱ्यानंच जोडून लिहिलेला असतो.

मी 'जोडखिळा' म्हणेन. सूचनेत 'इंग्रजीतले जोडखिळे सुटे करा' असं लिहा, कोणीही मराठीला हात लावणार नाही. फक्त `æ` दिसलं तर सोडवू नका. दिसतं जोडल्यासारखं, पण काही भाषांत ते स्वतंत्र अक्षर आहे.

आदित्य
हे हातानं कशाला करताय? युनिकोडमध्ये याची सोय आहे. पायथनची एक ओळ चालवा, अवतरणं, रेघा, जोडखिळे सगळं सरळ होईल:

```
s = unicodedata.normalize("NFKC", s)
```

मीनल, वडोदरा
आदित्य, करून पाहिलं. नमुन्यासाठी बेतलेली एक ओळ घेतली. वर आधीची, खाली नंतरची:

```
“वर्गणी १½ रुपया—तीही सवडीने,” ‘‘Chief Oﬃcer’’ म्हणाले…
“वर्गणी १1⁄2 रुपया—तीही सवडीने,” ‘‘Chief Officer’’ म्हणाले...
```

जोडखिळा सुटला आणि शेवटच्या एकसंध टिंबचिन्हाची तीन सुटी टिंबं झाली, तेवढं छान. पण अवतरणं आणि रेघ जागची हलली नाहीत. आणि दीड रुपयाचं काय झालं पाहा! मराठी एकाला इंग्रजी एक चिकटला. हिशेबाच्या पानांवर हे कोणाच्या लक्षात आलं नसतं तर अकराचा अर्धा वाचला गेला असता.

आदित्य
अपूर्णांकाचं मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. अवतरणांना आणि रेघांना तिथे पर्यायी रूपच नेमून दिलेलं नाही, म्हणून ती तशीच राहतात. मग सरळ बदलांची यादी करा, पण क्रम सांभाळा:

```
s = s.replace("‘‘", '"').replace("’’", '"')
s = s.replace("“", '"').replace("”", '"')
s = s.replace("‘", "'").replace("’", "'")
s = s.replace("ﬃ", "ffi").replace("ﬁ", "fi")
```

दोन एकेरी चिन्हं शेजारी ठेवून दुहेरी केलेलं असतं, ते आधी गाठा. एकेरी आधी बदललंत तर दुहेरीच्या जागी दोन अॅपॉस्ट्रॉफी उरतील. बाकीचे जोडखिळे याच धर्तीवर वाढवा. आणि शेवटी न दिसणारी अक्षरं, म्हणजे U+200C, U+200D वगैरे, सगळी काढून टाका.

वसंत (निवृत्त जुळारी)
क्रमाचं बरोबर आहे. आम्ही उलटे स्वल्पविराम दोन दोन लावूनच अवतरण उघडत असू. जिथे आतलं एकेरी आणि बाहेरचं दुहेरी एकदम बंद होतं तिथे तीन चिन्हं ओळीनं येतील, ती डोळ्यांनी पाहा.

सुधा, ग्वाल्हेर
आदित्य, U+200D सरसकट काढू नका! मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून हे लगेच डोळ्यांत आलं. 'वडोदऱ्यात'मधला ऱ्य काही फाइलींत साधा र, हलन्त आणि ते न दिसणारं अक्षर असा लिहिलेला असतो. ते काढलंत की 'वडोदर्यात' होतं. वडोदरा निदान ओळखू तरी येईल, पण 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर डोंगरातून समुद्रात गेलात. आधी हा जोड `ऱ्` असा करून घ्या, मग उरलेली अदृश्य अक्षरं काय आहेत ते बघा.

नलिनी, इंदूर
मला या अवतरणांचा असाच त्रास झाला. तुम्ही टायपिंगबद्दलच विचारताय ना? माझ्या सासऱ्यांच्या आठवणी कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या होत्या, इकडे बऱ्याच ठिकाणी तोच फॉन्ट असायचा. युनिकोडमध्ये नेण्याआधी म्हटलं अवतरणं एकसारखी करू, म्हणून सगळी दुहेरी होती ती एकेरी केली. मग सगळीकडे 'भाशा', 'विशेश', 'वर्श'. अजून एकेक शब्द दुरुस्त करतेय.

आदित्य
नलिनीताई, मीनलताईंचा प्रश्न स्कॅनचा आहे, पण तुमचं कारण सांगतो. कृतिदेवमध्ये `"` हे अवतरण नाहीच, तो अर्धा ष आहे, आणि `'` म्हणजे अर्धा श. मूळ फाइलीत 'भाषा' असं असतं:

```
Hkk"kk
```

तुम्ही दुहेरीचं एकेरी केलंत आणि षचा श झाला. मूळ प्रत ठेवली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये न्या, अवतरणं त्यानंतर.

नलिनी, इंदूर
मूळ प्रत दिराकडे असावी. आजच फोन करते.

सुधा, ग्वाल्हेर
मीनलताई, 'रेघा साध्या करा' हेही बदला. मराठी व्याकरणात दोन रेघांना दोन नावं आहेत. 'आई-वडील' जोडतं ते संयोगचिन्ह, आणि वाक्य थांबवून स्पष्टीकरण देतं ते अपसारणचिन्ह. दोन्हींना एकच छोटी रेघ दिलीत तर 'तो आला-भाऊ नव्हता' यात 'आला-भाऊ' एक शब्द वाटेल. लांब रेघेला दोन छोट्या रेघा द्या, `--` अशा. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'च्या जुन्या साध्या मजकुरात हाच रिवाज आहे. '१९२१–२२' यातल्या मध्यम लांबीच्या रेघेला एक पुरते.

आणि 'सामान्यीकरण' नको. दोन-चार उदाहरणांवरून सरसकट विधान करणं म्हणजे सामान्यीकरण. 'प्रमाणीकरण' म्हणावं तर मोबाइलवर ओटीपी मागतात त्यालाही तेच म्हणतात.

वसंत (निवृत्त जुळारी)
मला 'प्रमाणीकरण'च योग्य वाटतं. प्रमाण रूप ठरवायचं आणि बाकीची त्यात आणायची, हेच तर करताय. ओटीपीवाल्यांनी शब्द घेतला म्हणून आपण का सोडावा?

मीनल, वडोदरा
काका, सुधाताई, नावाचा निकाल तुम्ही दोघं लावा. सूचना मी क्रियापदांत लिहिल्या आहेत: अवतरणं सरळ करा, दुहेरी आधी; इंग्रजीतले जोडखिळे सुटे करा, मराठीला हात लावू नका; अपसारणचिन्हाला `--`, संयोगचिन्हाला `-`; अपूर्णांक छापलेत तसे ठेवा. त्या मुलाला मी स्वतः फोन करून सांगितलं की चूक त्याची नव्हती. त्याची बारा पानं स्कॅनवरून पुन्हा करतोय.

एक राहिलंच. जुन्या छपाईत 'उदाहरणार्थ:—' असं विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविराम-रेघेचं जोडचिन्ह सतत येतं. ओसीआर त्याचं कधी `:—` करतं, कधी खरा विसर्ग घालून `ः—`. नुसता विसर्ग शोधून बदलावा, तर 'विशेषतः—' मधला खरा विसर्गही जाईल. सध्या प्रत्येक ठिकाण स्कॅन उघडून पाहतेय. याला कोणाकडे चांगली युक्ती आहे का?