बाबांचं घड्याळ आणि घड्याळवाल्या काकांना पत्र (अनुभव धागा)

चांदणवेल
घरातल्या गेलेल्या माणसाचं घड्याळ कुणी तुम्हाला पुन्हा चालू करून दिलं असेल, तर इथे जरूर लिहा. काय बिघडलं होतं, कारागिराने काय केलं आणि कशाला मुद्दाम हात लावला नाही, ते सगळं वाचायला आवडेल. सुरुवात मी करते. खालचं पत्र मी काकांना लिहून दिलं आणि त्यांना विचारूनच इथे देते आहे.

काका, सप्रेम नमस्कार.

बाबा गेल्यापासून त्यांचं घड्याळ कपाटात पडून होतं. तुमच्याकडे आणलं तेव्हा चावी पूर्ण बसलेली होती, पण हलवलं की सेकंदकाटा चार पावलं टाकायचा आणि थांबायचा. त्याआधी एका ठिकाणी 'आतलं मशीन काढून सेलचं बसवू' असा सल्ला मिळाला होता. तुम्ही आधी घड्याळ कानाशी धरलंत. डायल खाली करून, मग डायल वर करून, मग उभं. म्हणालात, "पालथं धरलं की चालतंय, उताणं केलं की गुदमरतंय. बाबांच्या हातून कधी पडलं होतं का?"

पडलं होतं. आईला आठवत होतं, मला नव्हतं.

मागचं झाकण उघडल्यावर तुम्ही मला भिंगातून दोन गोष्टी दाखवल्यात. पहिली म्हणजे बॅलन्सच्या चाकाची दांडी. तिचं एक टोक वाकून झिजलं होतं. "हे टोक केसाएवढं. सगळं चाक यावर झुलायचं," असं तुम्ही म्हणालात. तशीच दांडी तुमच्या जुन्या डब्यातल्या त्याच जातीच्या एका बंद मशीनमध्ये मिळाली. ती बसवून, चाकाचा तोल बघून, सगळं मशीन सुटं करून धुतलंत, आणि मगच तेल घातलंत.

दुसरी गोष्ट झाकणाच्या आतल्या बाजूला होती. सुईने कोरलेले अगदी बारीक आकडे, एकाखाली एक, निरनिराळ्या हातांचे. घड्याळ उघडून साफ करणारा कारागीर अशी खूण करून ठेवतो, हे तुमच्याकडून कळलं. बाबा न चुकता सर्व्हिसिंग करून घ्यायचे, आणि आम्हाला घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. शेवटची खूण ते निवृत्त झाले त्या वर्षीची. आता तिच्याखाली तुमची आहे.

डायल पिवळी पडली आहे, चारच्या आकड्याशी डाग आहे. रंगवून देऊ का, काच बदलू का, हे तुम्ही विचारलंत, आणि मी नको म्हटल्यावर एका शब्दाने आग्रह केला नाहीत. काढलेली दांडी कागदाच्या पुडीत बांधून परत दिलीत. दिवसाला अर्धा-पाऊण मिनिट मागेपुढे होईल आणि पाणी लागू द्यायचं नाही, हेही आधीच सांगितलंत. आई रोज सकाळी चावी देते. तिच्या आणि माझ्या वतीने तुमचे मनापासून आभार.

निनाद
फार सुंदर पत्र. आमच्या आजोबांच्या घड्याळाचंही तेच झालं होतं. चावी जास्त दिली गेली की स्प्रिंग जाम होते, म्हणून ते बंद पडतं. त्यामुळे चावी नेहमी अर्धीच द्यावी.

जुना कारागीर
निनाद, लक्षण तुम्ही बरोबर ओळखलंत, कारण मात्र दुसरं आहे. चावी पूर्ण बसलेली आणि घड्याळ बंद, असं घेऊन लोक रोज येतात. स्प्रिंग पूर्ण भरणं हे तिचं कामच आहे, त्याने ती जाम होत नाही. ताकद स्प्रिंगमध्ये असते, पण वाळून चिकट झालेल्या तेलामुळे किंवा अशा वाकलेल्या टोकामुळे ती बॅलन्सपर्यंत पोहोचत नाही. म्हणून घड्याळ थांबतं, आणि थांबल्यामुळे चावी भरलेलीच राहते. तेव्हा अर्धी देऊ नका. अर्ध्या ताकदीवर चाकाचा झोका लहान पडतो आणि वेळ बिघडते. अडकल्यासारखं लागलं की थांबा, जोर लावू नका, इतकंच.

चांदणवेल, त्या काकांनी दोन्ही बाजूंनी कानाला लावून पाहिलं, तिथेच अर्धं निदान झालं होतं. घड्याळ आडवं ठेवलं की चाकाचा भार एकाच टोकावर येतो. डायल वर असताना एका, खाली असताना दुसऱ्या. एका बाजूने चालून दुसऱ्या बाजूने थांबत असेल तर त्या बाजूचं टोक तपासायचं. नुसतं तेल वाळलं असेल तर बहुतेक वेळा सगळीकडेच रडतं. आणि धुतल्याशिवाय तेल घालणाऱ्यापासून जपा. जुन्या मळावर नवं तेल पडलं की दोन महिने छान चालतं आणि मग तोच मळ पॉलिश पेपरसारखा टोकं खातो.

पाणवठा
माझ्या वडिलांचं सेलवरचं आहे. ते गेल्यावर तसंच ठेवून दिलं, आत सेल फुटून हिरवट क्षार जमला. कारागिराने पूर्ण मशीन नवं घातलं. आता वेळ अचूक दाखवतं, काटे, डायल आणि डबी त्यांचीच आहे. पण चांदणवेल यांचं वाचून वाटलं, आतलं सगळं गेल्यावर हे त्यांचं घड्याळ म्हणायचं का? तुमच्या घड्याळात कोणत्या नंबरचा सेल लागतो?

चांदणवेल
पाणवठा, आमचं चावीचं आहे, सेल नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याही घड्याळातली दांडी आता बाबांची नाही.

जुना कारागीर
पाणवठा, सेलचं घड्याळ वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा. संपलेला सेल आत ठेवला की असंच होतं.

सांजवेळ
मी उलटं केलं. पप्पांच्या घड्याळाची डायल नव्याने रंगवून घेतली. आकडे अंधारात चमकायचे ते थांबलं होतं, म्हणून त्यावरही नवा रंग भरायला सांगितला. आई म्हणाली, लग्नात होतं तसं दिसतंय. डाग जपण्यात काय आहे, हे मला अजून समजलेलं नाही, आणि कारागिराचे आभार मानावेत असंच माझंही काम झालं.

जुना कारागीर
सांजवेळ, तुमच्या आईंना आनंद झाला, तर रंगवलंत ते योग्यच. फक्त एक जपा. १९६० च्या आधीच्या चमकणाऱ्या आकड्यांत बऱ्याचदा रेडियम असायचं. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं नाही, चमकवणारा रंग मरतो. रेडियम १६०० वर्षांत निम्मं होतं. असा रंग खरवडताना त्याची धूळ श्वासात जाते. कुणी घरी डबी उघडून पिनेने खरवडू नये. घड्याळ त्या काळातलं असेल तर कारागिराला आधी सांगा.

निनाद
चावी पूर्ण देऊन पाहिली. आजोबांचं घड्याळ चालतंय, पण दिवसाला दहा मिनिटं पुढे जातंय. हा तेलाचाच दोष का?

जुना कारागीर
एकदम इतकं पुढे म्हणजे आधी चुंबक तपासा. स्पीकर किंवा मोबाइलच्या चुंबकी कव्हराजवळ ठेवलं होतं का? बॅलन्सच्या चाकाला झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगचे वळसे एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. होकायंत्र घड्याळाजवळ न्या, सुई हलली तर तेच. चुंबक उतरवायला कारागिराला मिनिटभर लागतं. सुई नाही हलली तर वळशांवर तेल उडालंय का ते बघावं लागेल, आणि त्यासाठी मशीन उघडायलाच हवं.

मंद वारा
एक विचारू? आमच्याकडे काका रोज चावी देऊ नका म्हणतात, महिन्यातून एकदा पुरे, झीज वाचते. चांदणवेल यांच्या आई रोज देतात. कोणतं बरोबर?

जुना कारागीर
यावर आम्हा कारागिरांतच दोन तट आहेत. मी रोज द्या म्हणतो. माझे गुरुजी पडून राहिलेलंच बरं म्हणायचे.

चांदणवेल
आई रोजच देणार, ते तिने ठरवलंय. झीज किती होते ते पुढच्या सर्व्हिसिंगला काकांनाच विचारते. निनाद, होकायंत्राचं काय झालं ते कळवा.