२५ एच७ चा शाफ्ट: डिजिटल व्हर्नियर हातात असताना मायक्रोमीटर कशाला?

लेथवाला
सध्या २५ मिमीच्या शाफ्टचं काम चालू आहे. टॉलरन्स एच७, म्हणजे २५.००० पासून खाली २४.९७९ पर्यंत. क्यूसीवाले हटून बसलेत, मायक्रोमीटरनेच मोजा म्हणून. साध्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट ०.०२ आणि मायक्रोचं ०.०१, हे मान्य. पण माझा डिजिटल व्हर्नियरपण ०.०१ दाखवतो. मग फरक राहिला कुठे? मायक्रो फिरवत बसण्यात निम्मा वेळ जातो. माझ्या मते हा निव्वळ हट्ट आहे. बोला.

सुनंदा (क्यूसी)
डिस्प्लेवर ०.०१ उमटतं म्हणून मापही तेवढं खरं असतं असं नाही, दादा. व्हर्नियरच्या डब्यातला कागद काढून वाचा. १५० मिमीच्या डिजिटलवर बहुतेक वेळा अधिक-उणे ०.०२ लिहिलेलं सापडेल. आता समजा डिस्प्लेवर २४.९९ आलं. खरा व्यास २४.९७ ते २५.०१ मध्ये कुठेही असू शकतो. तुम्हाला मुभा आहे २१ मायक्रॉनची आणि शंका आहे ४० मायक्रॉनची. म्हणजे जॉब पास की रिजेक्ट, हे त्या आकड्यावरून ठरवताच येत नाही. ० ते २५ चा धड मायक्रो असेल तर त्याची स्वतःची चूक साधारण चार मायक्रॉनच्या आत राहते. त्याच्यावर २४.९९ आलं तर मी निर्धास्त सही करते. २४.९८ आलं तर मात्र तिथेही पुन्हा मोजायला लावते, कारण खालची हद्द अगदी लागून आहे.

लेथवाला
कागदावरचं सोडा. हात बसला की माप चुकत नाही. मी एकच जॉब पाच वेळा मोजून दाखवतो, पाचही वेळा तोच आकडा.

सुनंदा (क्यूसी)
पाचही वेळा तोच आकडा येणं आणि तो बरोबर असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. व्हर्नियरची पट्टी वर आणि शाफ्ट खाली जॉमध्ये. अंगठ्याने जरा जास्त दाबलं की सरकता जॉ टोकाशी बाहेर फाकतो आणि शाफ्ट आहे त्यापेक्षा लहान दिसतो. तुमचा अंगठा रोज सारखाच दाबत असेल तर चूकही रोज सारखीच येणार. मायक्रोत स्क्रू आणि जॉब एकाच रेषेत असतात, तिथे ही भानगड फारशी नाही.

एक करून बघा. जॉ बंद करून उजेडासमोर धरा. रोज एकाच जागी शाफ्ट धरत असाल तर तिथे पोकळी पडलेली असते आणि बारीक उजेड आरपार दिसतो. डिस्प्ले शून्य दाखवतो, कारण बाकीचा जॉ टेकलेला असतो. शाफ्ट मात्र नेमका त्या पोकळीत बसतो आणि पुन्हा लहानच दिसतो.

जुना फिटर
सुनंदाताईंचं बरोबर, पण मायक्रोचं एवढं कौतुकही नको. व्हर्नियरवाला दोन-चार शतांश चुकेल, मायक्रोवाला अख्खा अर्धा मिमी खातो! स्लीव्हवर मिमीच्या रेषा एका बाजूला, अर्ध्याच्या दुसऱ्या बाजूला. शाफ्ट खरा २४.४८ चा. थिंबल ४८ वर आलेलं, २४.५ ची रेघ थिंबलच्या कडेतून जेमतेम डोकावते. पोरगं ती रेघ मोजतं आणि वहीत २४.९८ लिहितं. अर्धा मिमी कमी असलेला जॉब पासच्या ढिगात! उलटंही होतं, २४.९८ चा चांगला जॉब २४.४८ म्हणून भंगारात. म्हणून माझ्या हाताखालच्यांना सांगतो, आधी व्हर्नियर लावून अंदाज घे, मग मायक्रो. व्हर्नियर अर्ध्याची चूक तिथल्या तिथे पकडतो.

आणि ते रॅचेट वगैरे नवशिक्यांसाठी. थिंबल धरूनच फिरवायचं, हाताला कळतं.

सुनंदा (क्यूसी)
अर्ध्या मिमीचं शंभर टक्के मान्य, काका. थिंबल ४५ च्या पुढे असलं आणि अर्ध्याची रेघ दिसत असली, की थांबून दोनदा बघायचं. पण रॅचेटचं नाही पटत. तुमच्या हाताला कळत असेल, रात्रपाळीच्या माणसाचा हात वेगळा. एकाच शाफ्टवर दोघांच्या मापात एक शतांश फरक पडला, की २१ मायक्रॉनमधली निम्मी मुभा तिथेच गेली.

जुना फिटर
रॅचेटपण कोणी गरागरा फिरवून आपटवतो, तेव्हा काय?

आयटीआय_दुसरं_वर्ष
सर, लीस्ट काउंट ०.०२ कसं काढायचं ते कोणीतरी सांगा ना, पेपरला येतं. आणि झीरो एरर मिळवायची की वजा करायची, माझा नेहमी गोंधळ होतो.

लेथवाला
धागा कशाचा, प्रश्न कशाचा!

सुनंदा (क्यूसी)
असू द्या, दुसरा प्रश्न इथलाच आहे. पहिल्याचं उत्तर एवढंच: ४९ मिमीचे ५० भाग केले तर एक भाग ०.९८ चा, तो एकातून गेला की उरले ०.०२.

झीरो एररचं पाठ करू नकोस, असा विचार कर. मायक्रो बंद केला आणि मध्ये काहीच नसताना तो ०.०२ दाखवतो. म्हणजे तो प्रत्येक मापात दोन शतांश फुकटचे घालतो, ते काढून टाकायचे. शाफ्टवर २४.९९ दिसलं तर खरं माप २४.९७, म्हणजे एच७ मध्ये खालून रिजेक्ट. कोणी उलट मिळवले तर २५.०१, वरून रिजेक्ट, आणि तो माणूस आणखी एक कट मारून आधीच बारीक असलेला शाफ्ट अजून बारीक करणार. बंद करताना थिंबल शून्याच्या अलीकडे राहिलं नाही, पुढे जाऊन ४८ वर थांबलं, तर तो दोन शतांश कमी दाखवतोय, तिथे मिळवायचे.

पंपवाला_इचलकरंजी
माझी अडचण निराळी. सेंटरलेस ग्राइंडिंग करून आलेले शाफ्ट मायक्रोने कुठेही मोजा, २४.९९. पण २५.००० च्या बुशमध्ये जात नाहीत. मायक्रो कॅलिब्रेट केलेला आहे. मग खोटं कोण बोलतंय?

जुना फिटर
बुश लहान असेल.

पंपवाला_इचलकरंजी
बुश बोअर गेजने बघितला, बरोबर आहे.

सुनंदा (क्यूसी)
मग शाफ्ट त्रिकोणी फुगलेला असू शकतो. सेंटरलेसमध्ये होतं असं. तीन फुगवटे असले तर प्रत्येक फुगवट्यासमोर चपटा भाग येतो, त्यामुळे समोरासमोरचं माप फिरवाल तसं सारखंच भरतं. मायक्रो असो की व्हर्नियर, दोघांनाही हे दिसत नाही. व्ही-ब्लॉकवर ठेवून वर डायल लावा आणि हळू फिरवा. एका फेऱ्यात काटा तीनदा वर-खाली झाला, तर ग्राइंडिंगवाल्याकडे परत पाठवा. काटा स्थिर राहिला तर शाफ्ट सरळ आहे का आणि टोकाला बर राहिलाय का ते बघा, इथून मी नक्की सांगू शकत नाही.

लेथवाला
ठीक. २५.३० पर्यंत व्हर्नियर, शेवटच्या कटला मायक्रो, एवढं मान्य करतो. पण तीनशे नग आहेत. प्रत्येकाला रॅचेट कटकट करत बसू?

जुना फिटर
गो, नो-गो स्नॅप गेज घे. गो जाऊ दे, नो-गो अडू दे, विषय संपला. लीस्ट काउंट नको नि वाचनाची चूक नको.

सुनंदा (क्यूसी)
गेज पास-नापास सांगेल. टूल झिजून माप वर सरकतंय हे ते सांगत नाही, ते कळायला दर दहा-पंधरा नगांनी एक मायक्रोवर घ्यावाच लागेल.

जुना फिटर
दर पंचवीसला पुरे.

सुनंदा (क्यूसी)
कार्बाइड टिप नवी असेल तर. दुसऱ्या पाळीपर्यंत नाही पुरणार.