गच्चीवरची निळी पावडर (सोसायटी ग्रुप)

देशमुख सेक्रेटरी: सर्व सभासदांना कळविण्यात येते की काल संध्याकाळी गच्चीवरच्या बेसिनमध्ये निळी पावडर सांडलेली आढळली, शेजारी स्टीलचा वाडगा आणि जुना टॉवेल, आणि वास इतका उग्र की जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत डोळे चुरचुरत होते. गच्ची सर्वांची आहे, प्रयोगशाळा नाही. संबंधितांनी स्वतःहून सांगावे.

पाटील आजोबा: टाकीचं झाकण अर्धं उघडं होतं. कोणी उघडलं?

सुहास: निळी पावडर म्हणजे नीळ असेल हो, कोणीतरी पांढरे शर्ट उजळवत असणार

वंदना काकू: नीळ कशाला, ती ब्लीचिंग पावडर आहे. टाकी धुवायला मागच्या वेळी आणलेली, उरलेल्याचा हिशोब मला अजून मिळालेला नाही

देशमुख सेक्रेटरी: वंदनाताई, तो हिशोब मीटिंगमध्ये वाचून दाखवला होता. आपण लवकर गेला होतात.

वंदना काकू: लवकर का गेले तेही सगळ्यांना माहीत आहे

मीनल: टाकीची ब्लीचिंग पावडर पांढरी असते आणि क्लोरीनचा वास येतो. निळी आहे म्हणजे केसांची ब्लीच पावडर वाटतेय मला. हे दोन्ही एका बेसिनमध्ये एकत्र होऊ देऊ नका प्लीज, केसांच्या मिश्रणात अमोनिया असतो आणि तो क्लोरीनवाल्या ब्लीचला लागला की घातक वायू होतो. देशमुख साहेब, आधी नुसत्या भरपूर पाण्याने धुवा, त्यावर फिनेल, ॲसिड काही ओतू नका

ईशा: सॉरी काका मीच होते. बेसिन आत्ता जाऊन धुते. टाकीला मी हात पण लावला नाही

ईशाची आई: ईशा तू मला मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणाली होतीस

सुहास: 🙈

पाटील आजोबा: मग टाकीचं झाकण कोणी उघडलं?

ईशाची आई: कालपासून घरात टोपी का घालून बसली आहे ते आत्ता कळलं मला

ईशा: आई प्लीज इथे नको. मीनलताई तुम्हाला विचारायचंच होतं, माझे केस तीन रंगांचे झालेत. मुळाशी एकदम पिवळे, मध्ये नारिंगी, टोकं तशीच काळपट. मी पाकिटावर लिहिलंय तसंच केलं

वंदना काकू: म्हणून सांगते मुलींना, पावडर वापरायचीच नाही, क्रीम ब्लीच वापरायचं. मी वीस वर्षं चेहऱ्याला क्रीम ब्लीच लावतेय, काही झालं नाही. क्रीम सौम्य असतं

मीनल: काकू ते चेहऱ्यावरच्या लवेचं क्रीम वेगळं, ते डोक्याच्या केसांना लावायचं नाही. केसांचं क्रीम ब्लीच वेगळं येतं, ट्यूबमध्ये किंवा डब्यात. आणि ते काही साधं क्रीम नसतं, आतलं काम करणारं रसायन बहुतेक तेच असतं जे पावडरमध्ये असतं, पर्सल्फेट. फक्त तेलकट क्रीममध्ये घोटलेलं. दोन्हीत वरून डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, घालावाच लागतो

वंदना काकू: म्हणजे क्रीम सौम्यच ना

मीनल: सौम्य नाही, सोपं. ईशा, नक्की काय काय केलंस ते सुरुवातीपासून सांग. डेव्हलपरच्या बाटलीवर किती लिहिलंय?

ईशा: १२ टक्के. ४० व्हॉल्यूम. लवकर होईल म्हणून मोठा घेतला. पावडर चार चमचे, डेव्हलपर अंदाजाने, जरा घट्टच झालं होतं. वाडग्यात कालवून मुळापासून लावत गेले, मागचं दिसत नव्हतं त्यामुळे पूर्ण डोकं व्हायला पाऊण तास लागला. पुढचं तोपर्यंत वाळून पापडी झालेलं

सुहास: पाऊण तासात आपली लिफ्ट पण तळमजल्यावरून गच्चीवर पोचते

देशमुख सेक्रेटरी: लिफ्टचा विषय वेगळा आहे सुहास. एएमसीवाल्यांशी बोलणं चालू आहे.

सुहास: दीड वर्षं चालू आहे

मीनल: बरं ऐक. तीन रंगांची तीन कारणं आहेत आणि त्यातलं एकच पावडरचं. मुळाशी पिवळं झालं कारण डोक्याच्या त्वचेला ऊब असते, त्या उबेने पहिल्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये ब्लीच फार भरभर चालतं, म्हणून मुळं नेहमी शेवटी लावायची, आधी त्यापासून दोन बोटं सोडून मधला भाग. क्रीम असतं तरी हे असंच झालं असतं. टोकं काळपट राहिली कारण तिथे जुना डाय असणार, लावला होतास ना?

ईशा: हो, गेल्या वर्षी दोनदा. काळा

मीनल: तेच. नुसत्या नैसर्गिक रंगापेक्षा डाय काढणं अवघड, पावडर असो नाहीतर क्रीम. आता मधलं नारिंगी, ते मात्र बरंचसं पावडरमुळे. ब्लीच ओलं असेपर्यंतच काम करतं, वाळलं की थांबलं. तुझं मिश्रण घट्ट होतं, उघडं होतं, म्हणून पापडी झाली आणि काम अर्ध्यावर थांबलं. काळा केस उतरताना आधी लालसर तपकिरी, मग लाल, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. तुझा मधला भाग नारिंगीला अडकला

वंदना काकू: म्हणूनच मी क्रीम म्हणत होते

मीनल: हो काकू, इथे तुमचं बरोबर आहे. क्रीम तेलकट असल्याने लवकर वाळत नाही आणि दाट असल्याने ओघळत नाही. नवीन माणसाचा हात सावकाश चालतो, त्याला जास्तीची पंधरा-वीस मिनिटं लागतातच. दुसरं म्हणजे माप. पावडर चमच्याने घेतली की एक चमचा भुसभुशीत आणि पुढचा दाबून भरलेला, वजनात बराच फरक पडतो. पाकिटावर एकास दोन असेल तर ते वजनाने, म्हणजे ३० ग्रॅम पावडरला ६० ग्रॅम डेव्हलपर, छोट्या काट्यावर मोजून. ट्यूबमधून क्रीम दाबून काढताना एवढी गफलत होत नाही, तरी मी तेही काट्यावरच घेते

पाटील आजोबा: मी सकाळपासून एकच प्रश्न विचारतोय. टाकीचं झाकण.

देशमुख सेक्रेटरी: आजोबा, वॉचमनला विचारतो.

ईशाची आई: मीनल तू शिकवतेयस का तिला परत करायला? आम्ही घरी ठरवू काय ते

मीनल: वहिनी शिकवत नाहीये, केस तुटू नयेत म्हणून विचारतेय. आणि पुन्हा गच्चीवर लपून करण्यापेक्षा माहीत असलेलं बरं

ईशाची आई: लपून वगैरे ग्रुपवर लिहायची गरज नव्हती

सुहास: मला एक सांगा, जिन्यात डोळे चुरचुरले ते कशाने? मला आधीच दमा आहे

मीनल: वास अमोनियाचा. पण तुझ्यासाठी जास्त वाईट म्हणजे पावडर उडते ती. पर्सल्फेटची धूळ श्वासात गेली की खोकला, धाप लागू शकते, पार्लरमध्ये रोज हाताळणाऱ्यांना त्याने दमा जडू शकतो. मी काम करायचे तिथे एकीला याच्यामुळेच काम सोडावं लागलं. डस्ट फ्री पावडर मिळते, ती कमी उडते. क्रीममध्ये ही धूळच नाही, त्यामुळे घरच्या छोट्या बाथरूमसाठी मी क्रीमच म्हणेन. खिडकी उघडी आणि हातमोजे दोन्हीला हवेतच

वंदना काकू: मग पावडर विकतात कशाला

मीनल: कारण ती केसांचा रंग जास्त उतरवते. पार्लरमध्ये फॉइलमध्ये बारीक बटा करायच्या असतात, काळ्यापासून फिकट पिवळ्यापर्यंत न्यायचं असतं, तिथे पावडरच हाताशी येते. क्रीम हळू चालतं, काळ्या केसांवर २० व्हॉल्यूमने एका वेळेत बहुतेकदा नारिंगी किंवा फार तर नारिंगी पिवळ्यापर्यंत येऊन थांबतं. फोटोतल्यासारखा पांढरट सोनेरी हवा असेल तर घरी पहिल्यांदा करणाऱ्याने नादी लागू नये, क्रीमने पण नाही. थोडे तपकिरी, मधाच्या रंगाचे हवे असतील तर क्रीम आणि २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के. ४० ला हात लावायचा नाही

ईशा: मग मी आता मधल्या नारिंगीला क्रीम लावू का

मीनल: आज नाही. आधी एक केस ओला करून दोन बोटांत हलका ताण. ताणून परत जागेवर येतो का?

ईशा: मागचे येतात. पुढचे, पापडी झालेले, रबरासारखे लांब होतात आणि तुटतात

मीनल: मग पुढचे गेले, ते कापावे लागतील, कोणतंही मास्क ते परत जोडत नाही. बाकीच्यांवर निदान महिनाभर ब्लीच नाही. तोवर टोकांच्या रंगाला जुळणारा गडद तपकिरी, अमोनिया आणि डेव्हलपर नसलेला तात्पुरता रंग लाव, निळसर झाक असलेला, कारण निळ्याने नारिंगी मारला जातो. मुळाचं पिवळं त्याने हिरवट दिसू शकतं, तर तिथे आधी थोड्या केसांवर लावून बघ

सुहास: तीन रंगांत चौथा. झेंडाच करतेय ईशा

ईशा: सुहासदादा 😑

मीनल: आणि महिन्यानंतर करायचंच असेल तर आधी ४८ तास कानामागे टेस्ट, मग कंगव्यातल्या केसांचा एक झुपका घेऊन त्याच्यावर क्रीम लाव, दर पाच मिनिटांनी पुसून बघ. हव्या रंगाला किती मिनिटं लागली ते लिहून ठेव, पॅकवरच्या वेळेपुढे जायचं नाही. झुपका गरम झाला किंवा वाफ आली तर सगळं रद्द, जुन्या डायमध्ये किंवा काळ्या मेंदीत धातूचे क्षार असतील तर असं होतं. स्टीलचा वाडगा नको, प्लास्टिकचा घे, आणि उरलेलं झाकण लावून ठेवू नकोस, आत वायू साठून डबा फुटतो

पाटील आजोबा: झाकण म्हणालात म्हणून परत विचारतो.

वंदना काकू: मी पहिल्याच मेसेजमध्ये क्रीम म्हटलं होतं, वर जाऊन वाचा

मीनल: काकू तुम्ही पहिल्या मेसेजमध्ये टाकीची पावडर म्हटलं होतं

वंदना काकू: तुला नेहमीच असं बोलायची सवय आहे. पार्किंगच्या वेळी पण असंच

देशमुख सेक्रेटरी: कृपया पार्किंग नको. वॉचमन म्हणतो झाकण परवा प्लंबरने उघडलं, बंद करायचं राहिलं.

पाटील आजोबा: प्लंबरला कोणी बोलावलं होतं?

देशमुख सेक्रेटरी: आजोबा, तुम्हीच. तुमच्या फ्लॅटला पाणी कमी येतंय म्हणून.

ईशाची आई: मीनल, उद्या दुपारी घरी असशील का? पुढचे केस कापायला कात्री घेऊन येशील? टोपी काढली आत्ता तिने