अनुभव धागा: नोकरीचा निरोप कोणत्या मराठीत लिहावा?

बडोद्यातील मराठी दुकानांतून आणि कार्यालयांतून नोकरीचे निरोप कधी कागदी मराठीत, तर कधी इंग्रजीमिश्रित मराठीत फिरतात. ज्यांनी असे निरोप लिहिले किंवा वाचून फोन केला, त्यांनी आपला अनुभव सांगावा.

मकरपुऱ्यात कामगार भरती पाहणाऱ्या ताई

दांडिया बाजारातील एका कापड दुकानदारांनी पहिला निरोप असा पाठवला होता: «आमच्या आस्थापनेस अनुभवी लेखापालाची आवश्यकता असून इच्छुकांनी प्रमाणपत्रांसह संपर्क साधावा.» फोन आले ते बहुतेक निवृत्त गृहस्थांचे, कारण गुजराती माध्यमात शिकलेली आपली मुले घरी मराठी बोलत असली, तरी असे वाक्य वाचताना दुसऱ्याच शब्दाला थांबतात. मग त्यांच्या पुतण्याने लिहिले: «अर्जंट! यंग, डायनॅमिक अकाउंटंट पाहिजे, सॅलरी नो इश्यू.» फोन पुष्कळ आले, पण प्रत्येकाला पगार, वेळ आणि काम पुन्हा सांगावे लागले आणि काहींनी तर ही फसवणूक नाही ना, असेही विचारले.

तिसरा निरोप आम्ही दोघांनी बसून लिहिला: «दांडिया बाजारातील आमच्या कापड दुकानासाठी अकाउंटंट हवा किंवा हवी आहे. टॅलीमध्ये रोजच्या नोंदी करता याव्यात आणि जीएसटी रिटर्नची माहिती तयार करता यावी. वेळ सकाळी 10 ते सायंकाळी 7, रविवारी सुट्टी, पगार दरमहा 16,000 ते 18,000 रुपये. कृपया दुपारी 2 ते 4 या वेळेत फोन करावा.» कामाची आणि कौशल्याची नावे रोजच्या बोलण्यातली ठेवावीत, अटी मात्र पूर्ण मराठी वाक्यांत लिहाव्यात, असे माझे ठाम मत आहे. या वेळी फोन कमी आले, पण येणारे टॅलीची तयारी सांगूनच बोलू लागत.

कॉमर्सचा विद्यार्थी

ताई, मला वाटते की शुद्ध मराठी दिसली की तरुण निरोप वाचतच नाहीत, म्हणून सगळेच मिश्र लिहावे.

ताई

दादा, «कृपया फोन करावा» हे शुद्धच आहे आणि ते तुम्ही वाचलेत. अडतो तो अनोळखी शब्द. वाक्य पूर्ण असल्याने कोणी थांबत नाही.

रावपुऱ्यातील डबेवाल्या काकू

मला पोळ्या करायला बाई हवी आहे आणि निरोप मी लिहितच नाही, शेजारणींना सांगते. लिहायचे झालेच, तर रोज किती पोळ्या आणि किती वाजेपर्यंत, एवढे आधी लिहीन. भाषेचे नंतर पाहू.

निवृत्त शिक्षक

मुलाखतीच्या पत्रात «आपण» आणि फोनवरच्या निरोपात «तुम्ही» असा भेद मी पाळतो. सोळा-सतरा हजारांच्या नोकरीसाठी «आपण» लिहिल्यास उमेदवार बिचकतो की त्याला मान वाटतो, याविषयी मात्र आमच्या घरातच दोन मते आहेत.